सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीतील वर्षअखेरची ठेव

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी (बोलीभाषेत पीपीएफ) ही भारत सरकारची पंधरा वर्षे मुदतीची अल्पबचत योजना आहे. या योजनेच्या खात्यात मार्चच्या शेवटच्या दिवसांत भरलेली रक्कम काही वेळा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमा झाल्याचे दिसते. अशा विलंबामुळे सरत्या वर्षाचे व्याज बुडाले, असा खातेदारांचा सर्वसाधारण समज असतो. योजनेच्या नियमांनुसार तो बरोबर नाही. ५ मार्चनंतर भरलेल्या रकमेला सरत्या वर्षाचे व्याज वेळेवर जमा झाली तरी मिळत नाही, त्यामुळे विलंबाने ते कमी होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विलंबाचा खरा परिणाम ठेव कोणत्या आर्थिक वर्षाची मानली जाते यावर होतो. त्यातून वार्षिक मर्यादा, करवजावट, खात्याचे सातत्य आणि काही प्रसंगी पुढील वर्षांचे व्याज यांना बाधा पोहोचते.

## पार्श्वभूमी

ही योजना १९६८ साली स्वतंत्र अधिनियमाखाली सुरू झाली. २०१८ च्या वित्त अधिनियमाने तो अधिनियम रद्द होऊन योजना १८७३ च्या जुन्या बचत बँक अधिनियमाच्या छत्राखाली आली आणि त्या अधिनियमाला शासकीय बचत प्रोत्साहन अधिनियम असे नवे नाव मिळाले. सध्याचे नियम डिसेंबर २०१९ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी योजना, २०१९’ मध्ये आहेत. खाते टपाल कार्यालयात किंवा योजनेसाठी अधिकृत असलेल्या बँकेत उघडता येते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने योजनेतील तीन आकडे महत्त्वाचे आहेत. प्रत्येक आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, खात्यात किमान ५०० रुपये भरावे लागतात आणि कमाल १,५०,००० रुपये भरता येतात. व्याजाचा दर केंद्र सरकार दर तिमाहीस जाहीर करते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेला ७.१ टक्के हा दर २०२४–२५ मध्येही कायम होता.

## व्याजाची आकारणी

व्याजाचा हिशेब महिन्यागणिक होतो, परंतु ते खात्यात वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षाच्या अखेरीस जमा होते. प्रत्येक महिन्यासाठी, पाच तारखेचे कामकाज संपल्यापासून महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचे व्याज आकारले जाते. बारा महिन्यांची अशी व्याजे एकत्र करून येणारी रक्कम ३१ मार्च रोजी मुद्दलात मिळवली जाते आणि पुढील वर्षी तिच्यावरही व्याज मिळते.

या नियमाचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. ४ जुलै रोजी भरलेली रक्कम पाच तारखेच्या अखेरीस शिल्लकेत असते, म्हणून तिला जुलैचे पूर्ण व्याज मिळते. तीच रक्कम ६ जुलै रोजी भरल्यास पाच तारखेच्या अखेरीची शिल्लक तिच्याविना असते. महिन्यातील सर्वांत कमी शिल्लक तीच ठरत असल्याने नव्या रकमेचे व्याज ऑगस्टपासून सुरू होते. महिन्याच्या सहाव्या दिवशी भरलेली आणि तिसाव्या दिवशी भरलेली रक्कम व्याजाच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसतात.

हाच नियम मार्चला लागू होतो. ६ मार्च ते ३१ मार्च या काळात कोणत्याही दिवशी भरलेल्या रकमेला मार्चचे व्याज मिळत नाही, आणि मार्च हा आर्थिक वर्षाचा शेवटचा महिना असल्याने त्या वर्षाचे काहीही व्याज मिळत नाही. तिचे व्याज एप्रिलपासून, म्हणजे पुढील आर्थिक वर्षापासून सुरू होते. २८ मार्चची ठेव २ एप्रिलला जमा झाली, तरी ती ५ एप्रिलपूर्वी खात्यात आलेली असते. एप्रिलचे व्याज तिला पूर्ण मिळते. अशा वेळी दोन्ही वर्षांच्या व्याजात एका रुपयाचाही फरक पडत नाही.

विलंब ५ एप्रिलच्या पलीकडे गेला तर मात्र एप्रिल महिन्याचे व्याज जाते. ते सरत्या वर्षाचे व्याज नसून नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याचे असते. त्याचे प्रमाण वार्षिक व्याजाच्या एक बारांश एवढे, म्हणजे ७.१ टक्के दराने एक लाख रुपयांमागे सुमारे ५९२ रुपये होते.

## ठेवीची तारीख कशी ठरते

खातेदाराने पैसे दिले तो दिवस आणि ठेवीचा दिवस हे नेहमी एकच नसतात. त्यांच्यातील अंतर भरण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

रोख रक्कम भरल्यास ती स्वीकारल्याचा दिवस हाच ठेवीचा दिवस असतो. बचत खाते आणि भविष्य निर्वाह निधी खाते एकाच बँकेत असून दोन्ही ऑनलाइन जोडलेली असतील, तर रक्कम सामान्यतः तत्काळ वर्ग होते. अशा व्यवहारात मार्चअखेरचा विलंब क्वचितच आढळतो.

दुसऱ्या बँकेतून एनईएफटीने रक्कम पाठवल्यास ती अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी पुढे जाते. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा सुट्टीच्या दिवसांसह चोवीस तास चालू असते. ज्या टप्प्यात व्यवहाराचा निपटारा होतो, त्यानंतर दोन तासांच्या आत पैसे घेणाऱ्या बँकेने ते खात्यात जमा करणे किंवा परत पाठवणे अपेक्षित असते. म्हणून ३१ मार्चच्या रात्री उशिरा पाठवलेली रक्कम मध्यरात्रीनंतर जमा होण्याची शक्यता उरते. खाते क्रमांकातील चूक किंवा त्या शाखेत बाहेरून भरणा स्वीकारण्याची सोय नसणे, अशा कारणांनी रक्कम परत गेली, तर दुसरा प्रयत्न करेपर्यंत वर्ष उलटून गेलेले असते.

सर्वाधिक गैरसमज धनादेशाविषयी आढळतात. या योजनेत धनादेश दिल्याची तारीख ही ठेवीची तारीख नसते. धनादेश वटून रक्कम प्रत्यक्ष मिळाल्याचा दिवस हा ठेवीचा दिवस मानला जातो. खाते उघडताना दिलेल्या पहिल्या धनादेशालाही हाच नियम लागू आहे. भरणा पावतीच्या स्थळप्रतीवर शाखेचा २८ मार्चचा शिक्का असला, तरी त्यावरून केवळ धनादेश शाखेकडे पोहोचला एवढेच सिद्ध होते. धनादेश पेटीत टाकलेला असल्यास तो शिक्काही हाती राहत नाही.

एखाद्या वाचकास हा नियम सर्वसाधारण कायद्याशी विसंगत वाटू शकेल. सातारा परिसरातील ओगलेवाडी येथील प्रसिद्ध काच कारखान्याच्या प्रकरणात, १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व मान्य केले होते. धनादेश पुढे वटला, तर देणे फेडल्याचा दिवस म्हणून धनादेश हाती पडल्याचा दिवस धरता येतो, असे ते तत्त्व आहे. परंतु ते प्रकरण कारखान्याला मालाच्या मोबदल्यात मिळालेल्या धनादेशांचे होते. बचत योजनेत ठेव कधी झाली, हे त्या योजनेचे नियम स्वतंत्रपणे सांगतात. येथे एखादे जुने देणे फेडले जात नाही. सरकारकडे रक्कम आल्यावरच तिच्यावर व्याज देण्याची जबाबदारी सुरू होते. म्हणून विशेष नियम असताना सर्वसाधारण तत्त्वाचा आधार घेता येत नाही.

बँकेच्या शाखेत जमा झालेली रक्कम पुढे सरकारच्या हिशेबात वर्ग केली जाते. केंद्र सरकारचे मुख्य खाते रिझर्व्ह बँकेच्या नागपूर येथील केंद्रीय लेखा विभागात असते आणि अधिकृत बँका आपापला भरणा तेथे कळवतात. या टप्प्यावर काही दिवस गेले, तरी तो बँक आणि सरकार यांच्यातील हिशेबाचा विषय आहे. खातेदाराच्या खात्यात ठेवीची म्हणून नोंदलेली तारीख त्यामुळे पुढे सरकत नाही.

## उदाहरण : मार्च २०२५

२०२५ सालचा मार्चअखेर या दृष्टीने बोलका होता. २८ मार्चला शुक्रवार होता आणि २९ मार्चला महिन्यातील पाचवा शनिवार असल्याने बँका चालू होत्या. ३० मार्चला रविवारी गुढी पाडवा आला. ३१ मार्चला सोमवारी रमजान ईद होती, मात्र शासकीय भरणा स्वीकारणाऱ्या शाखा त्या दिवशी उघड्या ठेवण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने दिली होती. १ एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँकांचे ग्राहक व्यवहार बहुतेक ठिकाणी बंद होते.

समजा, एका खातेदाराच्या खात्यात १ एप्रिल २०२४ रोजी ९,५०,००० रुपये होते. त्याने ३ एप्रिल २०२४ रोजी ५०,००० रुपये भरले. पाच तारखेपूर्वी भरणा झाल्याने एप्रिलपासून बाराही महिने व्याजासाठी १०,००,००० रुपये धरले गेले. वर्षाच्या मर्यादेतील उरलेले १,००,००० रुपये भरण्यासाठी त्याने दुसऱ्या बँकेवरील धनादेश शुक्रवार, २८ मार्च २०२५ रोजी सायंकाळी शाखेच्या पेटीत टाकला. पेटी शनिवारी उघडली गेली, धनादेश निरसनासाठी गेला आणि रक्कम बुधवार, २ एप्रिल रोजी मिळाली.

वर्ष २०२४–२५ चे व्याज १०,००,००० रुपयांवर ७.१ टक्के दराने ७१,००० रुपये झाले. धनादेश २८ मार्चलाच वटला असता, तरी हा आकडा ७१,००० रुपयेच राहिला असता, कारण मार्चसाठी धरली जाणारी सर्वांत कमी शिल्लक पाच मार्चच्या अखेरीपासूनच १०,००,००० रुपये होती.

आता पुढील वर्षाकडे पाहू. दर तोच धरला आहे. धनादेश मार्चमध्ये वटला असता, तर ३१ मार्चअखेर शिल्लक ११,७१,००० रुपये झाली असती. प्रत्यक्षात ती त्या दिवशी १०,७१,००० रुपये आणि २ एप्रिलपासून ११,७१,००० रुपये झाली. ५ एप्रिलच्या अखेरीस दोन्ही स्थितींत शिल्लक सारखीच असल्याने एप्रिलचे व्याजही सारखेच, सुमारे ६,९२८ रुपये राहिले. हीच रक्कम सोमवार, ७ एप्रिल रोजी मिळाली असती, तर एप्रिलचे व्याज १०,७१,००० रुपयांवर, म्हणजे सुमारे ६,३३७ रुपये झाले असते आणि सुमारे ५९२ रुपयांचा तोटा झाला असता.

येथपर्यंत खातेदाराचे काहीच गेले नाही असे दिसते. परंतु त्याने ३ एप्रिल २०२५ रोजी नव्या वर्षाचे पूर्ण १,५०,००० रुपये भरण्याचे ठरवले होते. २ एप्रिलला आलेले १,००,००० रुपये २०२५–२६ ची ठेव ठरल्याने त्या वर्षाच्या मर्यादेत केवळ ५०,००० रुपयांची जागा उरली. मार्चची ठेव मार्चमध्येच जमा झाली असती, तर एप्रिलपासून १३,२१,००० रुपयांवर व्याज सुरू होऊन वर्षाचे ९३,७९१ रुपये मिळाले असते. आता १२,२१,००० रुपयांवर ८६,६९१ रुपये मिळतील. फरक ७,१०० रुपयांचा, म्हणजे खात्यात जाऊ न शकलेल्या एका लाखाच्या वर्षभराच्या व्याजाइतका आहे. तो एका वर्षापुरता मर्यादित राहत नाही. सरलेल्या वर्षाची न वापरलेली मर्यादा पुढे ओढता येत नसल्याने ते एक लाख रुपये आणि त्यांवरील चक्रवाढ व्याज मुदतीच्या अखेरपर्यंत या खात्याबाहेरच राहते. अर्थात ती रक्कम खातेदाराकडेच असते आणि अन्यत्र गुंतवता येते. त्यामुळे खरा तोटा म्हणजे या खात्यातील करमुक्त व्याज आणि अन्य ठिकाणी मिळणारे करोत्तर उत्पन्न यांतील अंतर होय.

जो खातेदार दरवर्षी मर्यादेपेक्षा बरीच कमी रक्कम भरतो, त्याला हा तोटा होत नाही, कारण नव्या वर्षाच्या मर्यादेत त्याच्यासाठी पुरेशी जागा असते.

## वर्ष बदलल्याचे अन्य परिणाम

### मर्यादेपेक्षा अधिक भरणा

अनेक खातेदार एप्रिलच्या पहिल्या काही दिवसांत ठरावीक रक्कम आपोआप वर्ग व्हावी, अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवतात. मार्चचा धनादेश एप्रिलमध्ये वटला आणि त्यापाठोपाठ स्थायी सूचनेने पूर्ण दीड लाख वर्ग झाले, तर वार्षिक मर्यादा ओलांडली जाते. संगणकप्रणालीने असा भरणा नाकारला, तर प्रश्न तेथेच मिटतो. तो स्वीकारला गेला, तर मर्यादेवरील रकमेला व्याज मिळत नाही आणि ती खातेदारास परत केली जाते. ही बाब कित्येक महिन्यांनी उघड झाल्यास तितका काळ ती रक्कम बिनव्याजी पडून राहिलेली असते.

### खाते खंडित होणे

सरत्या वर्षात अन्य काहीच भरलेले नसेल आणि मार्चअखेरचा एकमेव धनादेश एप्रिलमध्ये वटला, तर त्या वर्षाची किमान ५०० रुपयांची अट अपूर्ण राहून खाते खंडित ठरते. खंडित खात्यातील शिल्लकेवर व्याज मिळत राहते, परंतु त्यातून कर्ज किंवा अंशतः रक्कम काढता येत नाही. मुदत संपण्यापूर्वी, खंडित प्रत्येक वर्षासाठी ५०० रुपये थकबाकी आणि ५० रुपये शुल्क भरून खाते पूर्ववत करता येते. अशा थकबाकीची रक्कम ज्या वर्षात भरली जाते, त्या वर्षाच्या दीड लाखांच्या मर्यादेत मोजली जाते.

### मुदत एक वर्षाने लांबणे

विलंब पहिल्याच ठेवीला झाला, तर परिणाम सर्वांत दीर्घकालीन असतो. योजनेची पंधरा वर्षे खाते उघडल्याच्या दिवसापासून मोजली जात नाहीत. ती खाते ज्या आर्थिक वर्षात उघडले, त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजली जातात. ३१ मार्च २०२५ रोजी उघडलेल्या खात्याची पंधरा वर्षे ३१ मार्च २०४० रोजी पूर्ण होतात. तेच खाते धनादेश उशिरा वटल्यामुळे २ एप्रिल २०२५ रोजी उघडले गेले, तर ती ३१ मार्च २०४१ रोजी पूर्ण होतात. दोन दिवसांच्या अंतराने मुदत पूर्ण एक वर्ष पुढे जाते. अंशतः रक्कम काढण्याचा हक्कही वर्षअखेरीपासून मोजला जात असल्याने तोही एक वर्षाने लांबतो.

### करवजावट

आयकर कायद्याखाली या ठेवीवर मिळणारी वजावट ज्या वर्षात रक्कम भरली, त्या वर्षाच्या उत्पन्नातून मिळते. पुराव्यादाखल सामान्यतः खातेपुस्तकातील नोंद किंवा खात्याचा उतारा दाखवला जातो. नोंद एप्रिलची असल्यास सरत्या वर्षासाठी वजावटीचा दावा टिकवणे कठीण होते. नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्या करदात्यांना ही वजावट मुळातच उपलब्ध नाही आणि २०२३–२४ पासून तीच प्रणाली मूलभूत मानली जाते. म्हणून हा परिणाम जुनी प्रणाली निवडणाऱ्यांपुरताच उरतो. ज्याला मर्यादेची आणि खात्याच्या सातत्याची चिंता नाही, तसेच वजावटीचीही गरज नाही, अशा खातेदारासाठी २८ मार्च आणि २ एप्रिल यांत व्यावहारिक भेद उरत नाही.

## विलंबाचे कारण ओळखणे

एप्रिलची नोंद दिसली म्हणून ती चुकीचीच असते असे नाही. कारण ओळखण्यासाठी दोन खात्यांचे उतारे शेजारी ठेवून पाहावे लागतात : ज्या खात्यातून पैसे गेले ते आणि ज्यात आले ते.

पैसे देणाऱ्या खात्यातून रक्कम एप्रिलमध्येच वजा झाली असेल, तर धनादेश एप्रिलमध्ये वटला हे उघड आहे. अशा स्थितीत नोंद नियमाप्रमाणे असते आणि दुरुस्तीची मागणी मान्य होण्यासारखी नसते. धनादेश शाखेतच चार-पाच कामकाजाचे दिवस पडून राहिला असेल, तर सेवेतील विलंबाबाबत तक्रार करता येते, परंतु ती ठेवीच्या तारखेच्या दुरुस्तीपेक्षा वेगळी बाब आहे.

रक्कम मार्चमध्ये वजा झाली आणि भविष्य निर्वाह निधी खात्यात एप्रिलमध्ये जमा झाली, तर अधिक चौकशी करावी लागते. धनादेशाच्या व्यवहारात वजावट आणि वसुलीची निश्चिती यांत एका कामकाजाच्या दिवसाचे अंतर असू शकते. मार्चअखेरीस सुट्ट्या आल्या, तर तेवढ्यानेही वर्ष बदलते. मात्र रोख रक्कम, त्याच बँकेतील हस्तांतर किंवा मार्चमध्येच निपटारा झालेली एनईएफटी यांची नोंद शाखेने एप्रिलमध्ये केली असेल, तर ती नोंदणीतील चूक असते. अशा वेळी पावती, व्यवहार क्रमांक आणि दोन्ही खात्यांचे उतारे जोडून शाखाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून ठेवीची तारीख दुरुस्त करण्याची मागणी करता येते.

काही उताऱ्यांत व्यवहाराची तारीख आणि मूल्य दिनांक असे दोन स्वतंत्र रकाने असतात. पहिला रकाना नोंद संगणकात केव्हा झाली हे दाखवतो. रक्कम कोणत्या दिवसापासून खात्यात धरली जाते, ते दुसऱ्या रकान्यावरून कळते. व्यवहाराची तारीख एप्रिलची आणि मूल्य दिनांक मार्चचा असल्यास ठेव मार्चची धरली गेली आहे असे समजावे. वार्षिक व्याजाची नोंदही काही शाखांत एप्रिलमध्ये छापली जाते, परंतु तिचा परिणाम ३१ मार्चपासूनच मानला जातो. व्याजाच्या नोंदीला झालेला असा उशीर आणि ठेवीला झालेला उशीर यांची गल्लत होऊ देऊ नये.

बँकेकडून ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसल्यास सेवेतील त्रुटीबाबत रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. टपाल कार्यालयातील खात्यांसाठी टपाल खात्याची स्वतंत्र तक्रार यंत्रणा आहे. लोकपाल नोंदणीतील चूक सुधारण्यास सांगू शकतो, पण धनादेश वटल्याचा दिवस बदलणे कोणाच्याही अधिकारात नसते.

## भरण्याची योग्य वेळ

वरील नियमांवरून वर्षातील दोन तारखांना विशेष महत्त्व येते. व्याजाच्या दृष्टीने ५ एप्रिल ही तारीख मोलाची आहे, कारण त्यापूर्वी भरलेल्या रकमेला त्या आर्थिक वर्षाच्या बाराही महिन्यांचे व्याज मिळते. दीड लाख रुपये एप्रिलच्या आरंभी भरल्यास त्यांवर त्या वर्षी १०,६५० रुपये व्याज मिळते. तीच रक्कम मार्चच्या शेवटी भरल्यास त्या वर्षी काहीही मिळत नाही. ठेवीच्या वर्षाच्या दृष्टीने ३१ मार्च ही तारीख महत्त्वाची आहे, कारण मर्यादा, किमान भरणा आणि वजावट यांची दारे त्या दिवशी बंद होतात.

वर्षअखेरीसच भरणे अपरिहार्य असेल, तर धनादेशापेक्षा रोख भरणा किंवा त्याच बँकेतील हस्तांतर अधिक खात्रीचे ठरते. धनादेशच द्यावयाचा असल्यास मार्चचा शेवटचा आठवडा टाळणे आणि सुट्ट्या वगळून कामकाजाचे दिवस मोजणे इष्ट असते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने धनादेशांचे निरसन दिवसभर अखंड चालू ठेवण्याची पद्धत लागू केली असून त्यामुळे कामकाजाच्या दिवशी सकाळी सादर केलेला धनादेश त्याच दिवशी वटू शकतो. तथापि पेटीत टाकलेला धनादेश शाखेने बाहेर काढून सादर करेपर्यंतचा वेळ आणि सुट्टीचे दिवस या पद्धतीनेही कमी होत नाहीत.

मार्चची ठेव एप्रिलमध्ये जमा झाल्याचे लक्षात येताच नव्या वर्षासाठी दिलेली स्थायी सूचना तपासून तिची रक्कम उरलेल्या मर्यादेइतकी कमी करून घ्यावी लागते. सरत्या वर्षात ५०० रुपयेही जमा नसल्यास थकबाकी आणि शुल्क भरून खाते पूर्ववत करून घ्यावे लागते. सुकन्या समृद्धी खात्यातही पाच तारखेचा नियम आणि दीड लाखांची वार्षिक मर्यादा लागू आहे. तेथे किमान वार्षिक भरणा २५० रुपये असून मार्चअखेरच्या विलंबाचे परिणाम बहुतांशी याच स्वरूपाचे असतात.